व्याख्यानाच्या व्हिडिओतून आवाज काढला, पण तो डब्यातून आल्यासारखा येतोय

ओवी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात गेल्या महिन्यात बारवांवर व्याख्यान झालं. वक्ते तालुक्यातलेच निवृत्त भूगोल शिक्षक. सुट्ट्यांमध्ये पायी हिंडून त्यांनी आसपासच्या बारवांची मापं घेतली आहेत, पायऱ्या मोजल्या आहेत. बोलतातही झकास. गावातल्याच एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याने फुकट चित्रण करून दिलं, पण पडद्यावर उजेड पडल्यामुळे स्लाइड काही दिसत नाहीत. मग ठरलं की नुसता आवाज काढून पॉडकास्ट करायचा. वाचनालयात ‘कॉम्प्युटर येतो’ अशी मी एकटीच, त्यामुळे काम माझ्या गळ्यात.

पेनड्राइव्हमध्ये सात MTS फाइली होत्या, प्रत्येक साधारण सोळा मिनिटांची. एका वेबसाइटवर एकेक चढवून एमपी३ करून घेतल्या. भाषणाला मोनो पुरतं असं वाचलं होतं म्हणून मोनो निवडलं. सातही ऑडॅसिटीत एकापुढे एक लावल्या आणि नॉइज रिडक्शन दिलं. पंख्याचा आवाज उरला म्हणून परत एकदा दिलं.

आता सर रांजणात तोंड घालून बोलतायत असं वाटतं. शिवाय शब्दांच्या शेवटी बुडबुडे फुटल्यासारखं काहीतरी येतं. दर सोळा मिनिटांनी आवाज किंचित अडखळतो. आणि टाळ्या वाजल्या की कानठळ्या बसतात, मात्र सरांचा आवाज बारीकच.

कुठलं फिल्टर लावू?

---

भोचक (सोमवार, रात्री ९.५२)

सर बारवेत उतरून बोलतायत हे विषयाला धरूनच आहे की. राहू द्या.

---

टेक्नोबा (सोमवार, रात्री १०.१५)

वेबसाइटच्या भानगडीत पडूच नका. एफएफएमपेग टाका, एका ओळीत काम होतं. आवाज काढणं आणि पातळी सारखी करणं, दोन्ही.

```
ffmpeg -i 00000.MTS -vn -af loudnorm=I=-16:TP=-1.5 out.mp3
```

टाळ्यांचा प्रश्नही यातच सुटेल. मी ऑफिसच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग असंच करतो.

---

खर्जातला (सोमवार, रात्री ११.०५)

ओवीताई, फिल्टर कुठलंच लावू नका. झालेलं काम बाजूला ठेवा आणि मूळ सात फाइली पुसल्या गेल्या नाहीत ना ते बघा. मग एक करा. पहिली MTS फाइल संगणकावर लावा, कानात इअरफोन घाला आणि सर बोलत असताना आधी उजव्या कानातला काढा, मग तो घालून डाव्या कानातला काढा. दोन्ही कानांत एकच आवाज येतो का, तेवढं सांगा.

आणि व्हिडिओवाल्याला विचारा, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून त्याने वायर घेतली होती का.

टेक्नोबा, तुमच्या ओळीबद्दल नंतर बोलू. ती चूक नाही, पण इथे ती आजाऱ्याला पावडर लावल्यासारखी होईल.

---

पानसुपारी (मंगळवार, सकाळी ७.३०)

चांगला धागा. माझ्या आजेसासऱ्यांच्या कीर्तनाच्या अकरा कॅसेटी आहेत. त्यातला आवाज असाच काढता येईल का? टेपरेकॉर्डर चालू आहे पण पट्टा सैल झालाय, बुवा मध्येच संथ होतात.

---

भोचक (मंगळवार, सकाळी ७.४५)

बुवा संथ झाले तर बरंच म्हणायचं. आमच्याकडचे द्रुत लयीतच सुरू होतात.

---

ओवी (मंगळवार, दुपारी १.२०)

खर्जातला, तुम्ही जादूगार आहात का? डाव्या कानात सर अगदी जवळून, स्वच्छ. माईकवर बोट आपटल्याचंसुद्धा ऐकू येतं. उजव्या कानात अख्खं सभागृह: पंखे, खुर्च्या, कुणाचं तरी बाळ, आणि त्यात लांबून सर. महिनाभर मी हे लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत होते. तिथे काहीच कळलं नाही.

व्हिडिओवाल्या दादांना फोन केला. म्हणाले, “एक नंबरला मिक्सरची वायर, दोन नंबरला कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक. कायम असंच घेतो.”

---

खर्जातला (मंगळवार, रात्री १०.३०)

जादू कसली! नाटकाच्या दौऱ्यांवर बावीस वर्षं साउंड केलं, तेवढ्यात हे शंभरदा पाहिलंय. तो व्हिडिओवाला शहाणा माणूस आहे, त्याला चहा पाजा. त्याने तुम्हाला स्टिरिओ दिलेला नाही, दोन वेगवेगळी रेकॉर्डिंग एका फाइलीत दिली आहेत. डावीकडे मिक्सरचा आवाज, उजवीकडे सभागृहाचा.

तुम्ही मोनो निवडलंत तेव्हा त्या वेबसाइटने दोन्ही एकत्र कालवली. सरांचा शब्द वायरीतून कॅमेऱ्यात पोचतो तो बोलता क्षणीच. तोच शब्द स्पीकरच्या खांबातून निघून हवेतून कॅमेऱ्याच्या माईकपर्यंत येतो तो ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. खांब पाच मीटरवर असेल तर पंधरा मिलिसेकंद उशीर झाला. एकच आवाज एवढ्याशा फरकाने स्वतःतच मिसळला की काही स्वर एकमेकांना मारतात, काही दुप्पट होतात. तुमचं रांजण ते हेच. पंख्यासारखा वरून बसलेला हा आवाज नाही, त्यामुळे नॉइज रिडक्शनने तो जात नाही. उलट दुसऱ्यांदा दिल्यावर त्याने सरांचा आवाजच कुरतडायला घेतला, बुडबुडे त्याचेच. एकदा कालवलेलं परत वेगळं होत नाही, पुन्हा मूळ फाइलींपासूनच सुरुवात करायला हवी.

आता सोळा मिनिटांचं अडखळणं. ते कॅमेऱ्याने केलेलं नाही. असे कॅमेरे साधारण दोन जीबीला फाइल तोडतात आणि पुढच्या फाइलीत तिथूनच चालू ठेवतात. एमपी३ करताना मात्र प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे इवलीशी शांतता चिकटते. सात तुकडे म्हणजे सहा सांधे, सहा ठेचा. म्हणून आधी तुकडे जोडायचे, मग आवाज काढायचा, आणि एमपी३ करायचं ते अगदी शेवटी, एकदाच. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून तिथून हे चालवा. तीनच लिहिल्यात, तुम्ही सात लिहा:

```
ffmpeg -i "concat:00000.MTS|00001.MTS|00002.MTS" -vn -c:a pcm_s16le bhashan.wav
```

`-vn` म्हणजे चित्र नको. एक वेव्ह फाइल मिळेल, तुमच्या लांबीला १.३ जीबीच्या आसपास. दचकू नका, कामाची फाइल अशीच जड असते. ती पेनड्राइव्हवर जपून ठेवा.

मग ऑडॅसिटीत उघडा, ट्रॅकच्या नावावर क्लिक करून `Split Stereo to Mono` करा. दोन वेगळे ट्रॅक होतील. खालचा म्यूट करा आणि सरांना ऐका.

---

टेक्नोबा (मंगळवार, रात्री ११.१०)

दादा, MTS ला हे चालेल, पण मोबाइलच्या MP4 ला `concat:` असं चालत नाही, हे सांगून ठेवतो. नाहीतर कुणीतरी हा धागा वाचून करायला जाईल आणि पहिलाच तुकडा मिळाला म्हणून रडेल. एकच MP4 असेल तर आवाज नुसता उचलूनही घेता येतो, काहीच न बदलता:

```
ffmpeg -i video.mp4 -vn -c:a copy awaz.m4a
```

---

खर्जातला (मंगळवार, रात्री ११.१८)

बरोबर. आणि ही फाइल व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली नको. तिथे चित्राबरोबर आवाजही दाबला जातो. पेनड्राइव्ह नाहीतर कार्डच मागायचं.

---

ओवी (बुधवार, रात्री ९.०५)

झालं! एक स्पेस चुकली म्हणून अर्धा तास गेला, पण झालं. सांधेही गायब.

एक गंमत सांगते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला साउंडवाल्याने माईकवर दोनदा टकटक केलं होतं. ते दोन्ही ट्रॅकवर खूप मोठं करून बघितलं. वरच्या ट्रॅकवर टोक आधी येतं आणि खालच्यावर नंतर, मधलं अंतर १२ मिलिसेकंद. खर्जातल्यांच्या हिशोबाने ४ मीटरच्या थोडं वर. आज वाचनालयात खांबापासून ट्रायपॉडच्या जागेपर्यंत पावलं टाकली. सहा पावलं! शिपाईकाका बघत होते, मॅडमना काय झालं म्हणून.

आता प्रश्न. डावा ट्रॅक एकटा ऐकला की सर एखाद्या खोलीत कोंडल्यासारखे वाटतात. विनोद करतात आणि कुणीच हसत नाही. ते फार केविलवाणं होतं. उजवा थोडासा खाली चालू ठेवू का?

---

टेक्नोबा (बुधवार, रात्री ९.३०)

ठेवा की! फरक १२ मिलिसेकंद आहे हे कळलंय, मग खालचा ट्रॅक तेवढा डावीकडे सरकवा. टकटक टकटकवर बसली की रांजण खल्लास.

---

खर्जातला (बुधवार, रात्री १०.५०)

अर्धं बरोबर. सरकवल्यावर खांबातून थेट आलेला आवाज जुळेल. पण उजव्या ट्रॅकवर नुसता थेट आवाज नाही ना. भिंतीवरून परतलेला, छतावरून परतलेला, दुसऱ्या खांबातून आलेला, प्रत्येकाचा उशीर वेगळा. ते सगळे कसे जुळवणार? रांजण बारीक होईल, जाणार नाही.

मी काय करतो ते सांगतो. सर बोलत असताना फक्त डावा. हशा किंवा टाळ्या आल्या की तिथे उजवा वर आणतो, अर्ध्या-एक सेकंदात हळूच, आणि ओसरल्या की तसाच खाली. ऑडॅसिटीत `Envelope Tool` ने ती रेघ ओढता येते. टाळ्यांमध्ये सर सहसा थांबलेलेच असतात, त्यामुळे दोन आवाज भांडत नाहीत. दोन तासांत अशा जागा तीस-चाळीस निघतील. एका संध्याकाळचं काम.

---

टेक्नोबा (बुधवार, रात्री ११.०२)

मला तरी सरकवून, खालचा १५ डेसिबल कमी ठेवून चालेल असं वाटतं. ओवीताई, दोन्ही करून बघा आणि सांगा.

---

खर्जातला (बुधवार, रात्री ११.०६)

बघा की. मी काही कानांचा ठेका घेतलेला नाही.

---

निवांतराव (गुरुवार, सकाळी ६.१०)

सुप्रभात. आमची हयात रेडिओच्या संपादनात गेली. पाव इंच रुंदीची टेप, दाढीचं पातं आणि चिकटपट्टी. तिरका काप द्यायचा, म्हणजे सांधा ऐकू येत नसे. आज तुम्ही ज्याला फेड म्हणता ते आम्ही पात्याने करत होतो.

एक विनंती आहे. आजची मुलं बोलण्यातल्या सगळ्या विसाव्याच्या जागा कापून टाकतात. आमच्या नातवाचं पॉडकास्ट ऐकलं, पोरगा श्वासच घेत नाही. ऐकताना मलाच दम लागला. वक्ता थांबतो तेव्हा तो विचार करत असतो, आणि श्रोताही. ते कापू नका.

आणि कापावंच लागलं तर तिथे निखळ शांतता भरू नका. मागे सभागृहाची एक हलकी घरघर चालू असते, ती अचानक तुटली की ऐकणाऱ्याला फोन बंद पडल्यासारखं वाटतं. कुठेतरी पाच-सहा सेकंद कुणीच बोलत नाही अशी जागा शोधून ठेवा आणि भरायला तिचा तुकडा वापरा. आम्ही अशा रिकाम्या सभागृहाच्या आवाजाचं एक वेगळं भेंडोळं ठेवत असू. नवीन मुलगा कामाला आला की त्याला ते ऐकायला बसवायचो. बिचारा अर्धा तास कोण बोलतंय याची वाट बघायचा.

---

भोचक (गुरुवार, सकाळी ८.२०)

काका, ते भेंडोळं आमच्या नगरसेवकांच्या भाषणांच्या जागी वाजवलं असतं तर निवडून आले असते.

ओवीताई, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, ‘ज्यांच्या परिचयाची गरज नाही’ असा सोळा मिनिटांचा परिचय, सुकाणू समितीचे आभार: हे कापलं की किती उरतं ते कळवा.

---

ओवी (गुरुवार, दुपारी २.१५)

भोचक, मोजलं. एकूण एक तास बावन्न मिनिटं. त्यातले सत्तावीस मिनिटं सरांनी तोंडच उघडलेलं नाही.

---

जिरेसाळ (गुरुवार, दुपारी ३.४०)

कापाकापी चाललीये तोवर एक विचारते, सरांची परवानगी घेतलीये ना? तोंडी नको, दोन ओळी लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’ची व्याख्या आहे. त्या यादीत नट, गायक, नर्तक, कसरतपटू, गारुडी यांच्या जोडीला व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. ध्वनिमुद्रणावर त्यांचा हक्क असतो. व्हिडिओ काढायला हो म्हणाले म्हणजे पॉडकास्टला हो म्हणाले असं धरू नका.

---

भोचक (गुरुवार, दुपारी ३.४४)

गारुडी आणि व्याख्याते एकाच यादीत! कायदा करणाऱ्यांनी आमच्या गावची व्याख्यानमाला ऐकली असणार.

---

ओवी (गुरुवार, रात्री १०.२०)

सरांचं पत्र घेतलं, जिरेसाळताई. त्यांनी एकच अट घातली, कापलेलं आधी त्यांना ऐकवायचं.

आता नवी भानगड. सरांच्या स्वच्छ ट्रॅकवरही मागे थोडी घरघर आहेच, त्यांच्या माईकमध्येही पंखा शिरलाय. सुरुवातीच्या एका रिकाम्या जागेचा नमुना घेऊन नॉइज रिडक्शन दिलं, यावेळी एकदाच. पहिली बेचाळीस मिनिटं छान. त्यानंतर पुन्हा बुडबुडे, आणि घरघर तशीच. एकाच माणसाचा एकच माईक असताना असं कसं?

---

खर्जातला (गुरुवार, रात्री ११.००)

बेचाळिसाव्या मिनिटाला काय झालं ते आठवा.

---

ओवी (गुरुवार, रात्री ११.०४)

अरे देवा. लाइट गेली होती. जनरेटर.

---

खर्जातला (गुरुवार, रात्री ११.४०)

नॉइज रिडक्शनला तुम्ही दाखवता तेवढाच आवाज कळतो. त्याला पंखा दाखवलात आणि पुढे जनरेटर सोपवलात. दाखवलेला आवाज सापडेना म्हणून त्याने सरांच्या शब्दांतलं त्यासारखं दिसेल ते खरवडलं. जिथे लाइट गेली तिथे ट्रॅक तोडा. पहिल्या भागाला पंख्याचा नमुना, दुसऱ्याला जनरेटर सुरू झाल्यानंतरच्या शांत जागेचा. नमुन्यात श्वास, कागद, खुर्ची काही नको, दोन-तीन सेकंद पुरतात.

त्याआधी `High-Pass Filter` ८० हर्ट्झला लावून घ्या. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण त्याच्या वरच असतो. खाली असते ती टेबलाची धडधड, माईकची हाताळणी आणि जनरेटरचा घुमारा.

`Noise Reduction (dB)` मध्ये १२ असेल, तिथे ६ करा. घरघर पूर्ण घालवायची नाही, मागे ढकलायची आहे. आणि लावायच्या आधी खाली `Residue` असं एक बटण आहे, ते निवडून ऐका. त्यात काढून टाकलं जाणारं तेवढंच ऐकू येतं. नुसती घरघर आली तर ठीक. त्यात सरांचे शब्द कळायला लागले, तर तुम्ही सर फेकून देताय.

---

ओवी (शुक्रवार, रात्री ९.५०)

ते बटण मी गेले सहा महिने बघतेय, कधी दाबलं नव्हतं. १२ ला त्यात चक्क “पायऱ्या” असा शब्द ऐकू आला! ६ ला नाही. आता बुडबुडे गेले. जनरेटर थोडा उरलाय.

प्रश्नोत्तरांचं मात्र जमत नाही. श्रोत्यांना माईक दिलाच नव्हता, त्यांचे प्रश्न फक्त उजव्या ट्रॅकवर आहेत. वाढवले की पंखाही तेवढाच वाढतो.

---

निवांतराव (शनिवार, सकाळी ६.०५)

ते प्रश्न तुम्ही स्वतः वाचा. ‘एका श्रोत्याने विचारलं, बारव आणि विहीर यात फरक काय?’ की लगेच सरांचं उत्तर. आम्ही हेच करत होतो. श्रोते प्रश्न तरी कुठे विचारतात, स्वतःचं भाषण करतात. तुमच्या एका वाक्यात ते बसेल.

स्लाइडचंही तसंच. सर ‘हे इथे बघा’ म्हणाले की ऐकणाऱ्याने कुठे बघायचं? दोन वाक्यांत चित्र सांगा.

---

खर्जातला (शनिवार, सकाळी १०.१५)

काकांशी सहमत. फक्त ते घरी पंखा बंद करून, कपाटातल्या कपड्यांसमोर बसून रेकॉर्ड करा आणि सरांपेक्षा वेगळं वाटू द्या. सभागृहातच बोलतोय असा बनाव केला की तो पकडला जातो.

आता टाळ्या आणि बारीक आवाज. टेक्नोबांच्या ओळीकडे येतो. `loudnorm` असं एका फेरीत चालवलं की ते आवाज सतत वरखाली करत राहतं. सर थांबले की पंखा वर येतो, बोलले की खाली जातो, जणू सभागृह श्वास घेतंय. शिवाय ते आपल्या मनाने सॅम्पल रेट वाढवतं, म्हणून `-ar` सांगावा लागतो. मीटिंगला कुणाच्या लक्षात येणार नाही, इथे येईल.

साध्या `Normalize` नेही ताईंचं काम होणार नाही. ते फक्त सगळ्यात उंच टोक बघतं, आणि ते टोक टाळीचं आहे. टाळी छताला टेकली की ते थांबतं, सर खालीच राहतात. म्हणून आधी टाळ्या उतरवायच्या. एन्व्हलपने उजवा ट्रॅक आणताना सरांच्या आवाजाच्या जरा खालीच ठेवा. मग सगळं एका मोनोत मिसळा. आता चालेल, कारण दोन आवाज एका वेळी बोलत नाहीत. मग `Loudness Normalization`, आकडा -१६, आणि मोनोला दुहेरी मोनो धरण्याची खूण तिथे असते, ती राहू द्या. त्यानंतर `Limiter` -१.५ डेसिबलला. एमपी३ करताना टोकं किंचित उसळतात, तेवढी जागा हवी.

---

टेक्नोबा (शनिवार, सकाळी ११.००)

मान्य, मीटिंगमध्ये कुणीच ऐकत नसतं. पण मोनोला -१९ लागतात असं मी वाचलंय, -१६ नाही.

---

खर्जातला (शनिवार, सकाळी ११.२५)

दोन्ही एकच. मोनो फाइल दोन्ही कानांत वाजते म्हणून ती ३ ने मोठी ऐकू येते. ती खूण असेल तर ऑडॅसिटी तो हिशोब स्वतः करतं आणि तुम्ही -१६ लिहायचं. खूण काढली तर -१९ लिहायचं. खूणही आणि -१९ ही असं केलं की बसमध्ये ऐकणाऱ्याला फोन कानात कोंबावा लागतो. अॅपल आपल्या पॉडकास्टवाल्यांना -१६ च्या आसपास ठेवायला सांगतं.

---

ओवी (मंगळवार, रात्री १०.४५)

झालं एकदाचं. एक तास चौदा मिनिटं. एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस, फाइल ३५ एमबी. १२८ करून बघितलं, सरांच्या आवाजात मला तरी फरक कळला नाही आणि फाइल दुप्पट झाली. गावात नेट कसं आहे ते माहीत असल्याने ६४ च ठेवलं.

टेक्नोबा, तुमचा प्रयोगही केला. उजवा १२ मिलिसेकंद सरकवून, १५ डेसिबल खाली. मोठ्या स्पीकरवर खरंच बरं वाटलं, सर सभागृहात असल्यासारखे. इअरफोनवर मात्र लाइट गेल्यानंतरच्या भागात जनरेटर दोन बाजूंनी आला. म्हणून पहिली बेचाळीस मिनिटं तुमची आणि पुढचं खर्जातल्यांचं असं करणार होते. पण सांध्यावर सर अचानक घरात आल्यासारखे वाटले. शेवटी सगळं खर्जातल्यांच्या पद्धतीने केलं.

---

टेक्नोबा (मंगळवार, रात्री १०.५८)

म्हणजे मी बेचाळीस मिनिटं जिंकलो होतो. नोंद घ्यावी.

---

पानसुपारी (बुधवार, सकाळी ७.२०)

माझ्या कॅसेटींचं कुणी सांगेल का? बुवा अजून संथच आहेत.

---

खर्जातला (बुधवार, सकाळी ९.००)

ताई, पट्टा नवा टाकल्याशिवाय काहीही उतरवू नका. बुवा मध्येच संथ आणि मध्येच बरे असं झालं की नंतर संगणकावर ते सरळ करणं फार जिकिरीचं. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

---

ओवी (शुक्रवार, रात्री ९.१५)

सरांना ऐकवलं. दोन तास अंगणात बसून, डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाले, “एकतिसाव्या मिनिटाला माझी नऊ सेकंदं कुठे गेली?”

तिथे पडद्यावर बारवेचा फोटो होता. “मोजा बरं पायऱ्या,” असं म्हणून ते थांबले होते. सगळं सभागृह मनात मोजत होतं. मला ती नुसती रिकामी जागा वाटली म्हणून मी कापली. ऐकणाऱ्याला फोटो दिसतच नाही तर तो काय मोजणार, असं त्यांना म्हटलं. ते म्हणाले, “मोजू दे की मनातल्या मनात.”

निवांतराव, तुम्ही काय केलं असतं?

---

निवांतराव (शनिवार, सकाळी ५.५५)

सातच ठेवली असती. रेडिओवर नऊ सेकंद झाली की ड्यूटी ऑफिसर धावत येई.

---

भोचक (शनिवार, सकाळी ८.१०)

नऊच ठेवा. फक्त मागे तो जनरेटर असू द्या, म्हणजे लोकांना कळेल की फोन बंद पडलेला नाही.